डेटाशीट कुठून वाचायची?

‘मॅडम, ट्रान्झिस्टरची डेटाशीट उघडली की पाच-सहा पाने आकड्यांनी भरलेली दिसतात आणि मला घाम फुटतो. १२ व्होल्टचा, १५० मिलिअँपिअर घेणारा छोटा पंखा मायक्रोकंट्रोलरवरून चालवायचा आहे. नेमके कोणते आकडे पाहायचे?’

ही तक्रार माझ्याकडे दर वर्षी पहिल्या सत्राच्या मध्यावर येते, आणि ती घेऊन येणारी मुले अभ्यासात कच्ची असतात असे मुळीच नाही. उलट ती अधिक प्रामाणिक असतात, कारण ती डेटाशीट पहिल्या ओळीपासून शेवटच्या आलेखापर्यंत पाठ्यपुस्तकासारखी वाचू पाहतात. गोंधळाचे मूळ आकड्यांच्या संख्येत नसून वाचण्याच्या क्रमात असते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून मी कोणालाही आधी डेटाशीट उघडू देत नाही. तुझ्या आधी येऊन गेलेल्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत हे कसे उलगडले, ते तुला सांगते.

तिला ५ व्होल्टचा छोटा रिले बीसी५४७बी या ट्रान्झिस्टरने चालवायचा होता. रिले नीट ओढला जात नव्हता. कधी नुसता कुरकुरायचा, तर कधी तेवढेही करत नसे. ट्रान्झिस्टर खराब निघाला असे समजून तिने तो बदलला, तरी फरक पडला नाही. हिशेब मात्र तिने चोख केला होता. रिलेच्या कॉइलचा रोध ७० ओहम, म्हणजे ५ व्होल्टला सुमारे ७१ मिलिअँपिअर प्रवाह. डेटाशीटमध्ये hFE, म्हणजे प्रवाहाचा गुणक, नेहमीचे मूल्य म्हणून २९० दिला होता. ७१ ला २९० ने भागून बेसचा प्रवाह सुमारे पाव मिलिअँपिअर आला, आणि त्यासाठी तिने १८ किलोओहमचा रोध लावला.

मी तिला चूक दाखवली नाही. रिले चालू असायला हवा त्या क्षणी कलेक्टर आणि एमिटर यांच्यामधील व्होल्टेज मोजायला सांगितले. मीटरवर जवळपास २ व्होल्ट आले.

‘मग कॉइलला किती उरले?’

‘तीन.’

‘रिले ओढला जायला किती लागतात?’

तिने रिलेची माहिती पाहिली. ठरीव व्होल्टेजच्या ७५ टक्के, म्हणजे ३.७५ व्होल्ट लागत होते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण चालूच झालेला नाही.’ निदान तिचे तिनेच केले, आणि माझ्या अनुभवात असे स्वतः केलेले निदानच टिकते.

त्यानंतर मी तिला डेटाशीट उघडू दिली आणि २९० या आकड्याच्या शेजारचा रकाना वाचायला सांगितला. तो चाचणीच्या अटींचा रकाना होता, आणि त्यात कलेक्टर प्रवाह २ मिलिअँपिअर, कलेक्टर-एमिटर व्होल्टेज ५ व्होल्ट असे लिहिलेले होते. तिला हवे होते ७१ मिलिअँपिअर, आणि तेही ट्रान्झिस्टरवर जवळपास शून्य व्होल्टेज असताना. त्याच तक्त्यात १०० मिलिअँपिअरच्या ओळीत गुणक १८० वर उतरलेला दिसतो, पण तिथेही ५ व्होल्टची अट आहेच. शिवाय हे आकडे नेहमीचे आहेत, हमीचे नाहीत. बी गटात २ मिलिअँपिअरलाच गुणक २०० ते ४५० यांपैकी कुठेही असू शकतो. स्विच म्हणून ट्रान्झिस्टर वापरताना hFE वर विसंबायचेच नसते; वाचायची ओळ वेगळी असते. ती VCE(sat), म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असताना कलेक्टर-एमिटरमध्ये उरणारे व्होल्टेज, या नावाने छापलेली असते, आणि बीसी५४७ साठी ती असे सांगते: कलेक्टर प्रवाह १०० मिलिअँपिअर व बेस प्रवाह ५ मिलिअँपिअर असताना हे व्होल्टेज साधारणपणे ०.२ व जास्तीत जास्त ०.६ व्होल्ट. प्रमाण वीसास एक. उत्पादकाने ज्या अटीवर शब्द दिला आहे, तीच अट आपण परिपथात पाळायची, इतके ते साधे आहे. तिने १८ किलोओहमच्या जागी १ किलोओहम लावला, बेसला चार मिलिअँपिअरहून थोडा अधिक प्रवाह मिळाला आणि रिले खणखणीत ओढला गेला.

डेटाशीटमधील कमाल मर्यादांचा तक्ता मी यानंतरच वाचायला लावते. क्रम उलटा वाटेल, पण आपल्या परिपथाचा प्रवाह आणि व्होल्टेज हातात असल्याशिवाय त्या तक्त्याला विचारायचे तरी काय? VCEO म्हणजे बेस मोकळा असताना कलेक्टर-एमिटर सहन करील ते व्होल्टेज, इथे ४५. पुरवठा ५ व्होल्टचा असल्यामुळे ही मर्यादा ऐसपैस वाटते, परंतु रिले बंद होताना कॉइल कलेक्टरवर कित्येक पटींनी मोठे व्होल्टेज उसळवते. म्हणूनच कॉइलला उलटा डायोड जोडायचा, जेणेकरून ती उसळी पुरवठ्यापेक्षा एखादाच व्होल्ट वर जाऊन थांबते. IC, म्हणजे कलेक्टर प्रवाहाची मर्यादा, १०० मिलिअँपिअर आहे आणि आपण ७१ वर आहोत. ठीक, पण फार सैल नाही.

तिसरी मर्यादा उष्णतेची असते, आणि इथे हमखास एक गैरसमज भेटतो. ४५ व्होल्ट चालतात आणि १०० मिलिअँपिअर चालतात, तेव्हा दोन्ही एकदम चालतील असे मुलांना वाटते. त्यांचा गुणाकार ४.५ वॅट होतो, आणि तिच्या डेटाशीटमध्ये परवानगी होती ६२५ मिलिवॅटची, तीही भोवतालचे तापमान २५ अंश असताना. त्यावरील प्रत्येक अंशाला ५ मिलिवॅट कमी करायचे, म्हणजे बंद डब्यात ५० अंश असतील तर ५०० मिलिवॅटच उरतात. काही उत्पादक याच ट्रान्झिस्टरसाठी मुळातच ५०० देतात, त्यामुळे हातातील नगावर ज्याचा छाप आहे त्याचीच डेटाशीट वाचावी. तिच्या परिपथात आधी २ व्होल्ट गुणिले ४३ मिलिअँपिअर, म्हणजे ८६ मिलिवॅट उष्णता होत होती. दुरुस्तीनंतर ती १५ च्या आसपास आली. जळण्याचा धोका दोन्ही वेळा नव्हता, म्हणूनच केवळ कमाल मर्यादा तपासून हा दोष तिला कधीच सापडला नसता.

आता तुझा पंखा. १५० मिलिअँपिअर म्हटल्यावर बीसी५४७ IC च्या ओळीतच बाद होतो. त्याची पुढची पाने वाचूच नकोस. २एन२२२२ए ची डेटाशीट घे. तिथे VCEO ४० व्होल्ट आहे आणि IC काही उत्पादकांकडे ६००, तर काहींकडे ८०० मिलिअँपिअर आहे, त्यामुळे फिरू लागताना पंखा क्षणभर जास्त प्रवाह ओढतो त्यालाही जागा राहते. मग VCE(sat) ची ओळ शोध. १५० मिलिअँपिअरला बेस प्रवाह १५ मिलिअँपिअर असताना तिथे जास्तीत जास्त ०.३ व्होल्ट दिलेले आहेत, म्हणजे उष्णता ४५ मिलिवॅटपर्यंतच. मात्र हे १५ मिलिअँपिअर तुझ्या मायक्रोकंट्रोलरच्या पिनला द्यावे लागतील. ती पिन तेवढे देऊ शकते का, हे त्या चिपच्या डेटाशीटमध्ये पाहा, अर्थात शेजारच्या अटींच्या रकान्यासकट, आणि बेसच्या रोधाची किंमत काढून गुरुवारी घेऊन ये.