उद्यमबागेतलं काम जर्मनीच्या अर्जात

‘दादा, मी खानापूरजवळचा. मेकॅनिकल करून दोन वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. जर्मनीत कास्टिंगमध्ये एमएस करायचं आहे, पण मोटिव्हेशन लेटर लिहायला बसलो की हात थांबतो. घरात शिकवलंय, आपली पाठ आपण थोपटून घेऊ नये. कन्सल्टन्सीवाल्यांनी लिहून दिलेलं वाचून लाज वाटते, आणि मी लिहिलेलं वाचून मित्र म्हणतात, यात तू कुठेच नाहीस. दोन्ही मसुदे आणि रजिस्टरचे फोटो पाठवतोय. काय करू?’

दोन्ही मसुदे सावकाश वाचले. तुझ्या मसुद्यातलं हे एक वाक्य घे: ‘आदरणीय मॅनेजरसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली आमच्या टीमला रिजेक्शन काही प्रमाणात कमी करण्याची संधी मिळाली.’ यात साहेब आहेत, टीम आहे, संधी आहे. काम काय झालं ते नाही, आणि ते कोणी केलं तेही नाही. आपल्याकडे असं बोलणं शोभतं, कारण तू गप्प राहिलास तरी तुझ्याबद्दल सांगणारे चारजण गावात असतात. मामा सांगतात, कॉलेजचे सर सांगतात, फोरमन सांगतो. अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकाला मात्र यातलं कोणीच भेटत नाही. त्याच्यापुढे एक पान असतं, आणि त्या पानात नसलेलं काम त्याच्या लेखी झालेलंच नसतं.

कन्सल्टन्सीच्या मसुद्यात ‘लहानपणापासून यंत्रांची ओढ’ आहे, ‘असामान्य नेतृत्वगुण’ आहेत. तुला त्याची लाज वाटली ती बरोबर आहे, ती सोडू नकोस. त्यातलं एकही वाक्य तपासता येत नाही. आमच्या विभागात अर्धवेळ कामासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचे अर्ज मी वाचतो. असं वाक्य दिसलं की नजर पुढे सरकते आणि जिथे आकडा किंवा यंत्राचं नाव असेल तिथे थांबते.

माझं मत असं, की नम्रता ठेवायचीच, पण ती कामाचं माप घेताना ठेवायची. काय केलं आणि कोणी केलं हे सरळ सांगावं. त्यातून काय सिद्ध झालं आणि काय नाही, हे सांगताना हात आखडता घ्यावा. तू उलट केलंयस. स्वतःला गाळलंस, आणि ‘काही प्रमाणात’ म्हणून माप मोघम ठेवलंस.

आता तुझं रजिस्टर बघू, कारण खरा माल तिथे आहे. ऑगस्टमध्ये पंप हाउसिंगची 1200 कास्टिंग ओतली, त्यातली 96 ब्लोहोलमुळे, धातूत वायू अडकून राहिलेल्या पोकळ्यांमुळे गेली, म्हणजे 8 टक्के. तू दर दोन तासांनी वाळूचं मॉइश्चर मोजून लिहीत होतास. कोणी सांगितलं नव्हतं, हे तूच कळवलंयस, आणि मसुद्यात नेमकं तेच नाही. त्या नोंदींवरून तुझ्या लक्षात आलं, की उघड्यावर पडलेली नवी वाळू पावसाने आधीच ओली असायची आणि मिक्सरमध्ये पाणी मात्र उन्हाळ्यातल्याच मापाने पडायचं. मॉइश्चर साडेचार टक्क्यांच्या वर जायचं. सुमारे 1400 अंशांचं लोखंड अशा साच्यात पडलं की जादा पाण्याची वाफ होते, तिला वाळूतून निघायला वाट पुरत नाही आणि ती धातूत अडकते. मग तू सुचवलंस, की प्रत्येक लोडआधी मॉइश्चर मोजून पाणी ठरवायचं आणि साडेतीनच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. साहेबांनी मंजुरी दिली, सॅंड प्लांटवरच्या माणसांनी ते रोज पाळलं. ऑक्टोबरमध्ये 1250 पैकी 50 गेली, म्हणजे 4 टक्के.

इथे कन्सल्टन्सीवाला लिहील, ‘मी रिजेक्शन निम्म्यावर आणलं.’ तू असं लिहू नकोस, आणि याचं कारण संकोच नव्हे. बेळगावात ऑगस्टमध्ये किती पाऊस असतो आणि ऑक्टोबरमध्ये किती, हे तुला मी सांगायला नको. पाऊसच कमी झाला तर वाळूही आपोआप कोरडी येणार. मग फरक तुझ्या मोजणीने पडला की हवामानाने, हा प्रश्न कास्टिंगचा कुठलाही प्राध्यापक पहिल्या मिनिटात विचारेल. सुदैवाने तू पावसाच्या दिवसांवर खूण केली आहेस. मी सप्टेंबरमधले फक्त ते दिवस वेगळे काढले. त्या दिवसांत 300 कास्टिंग झाली आणि 15 गेली, म्हणजे 5 टक्के. बाहेर पाऊस असतानाही 8 वरून 5 वर आलं, तर बराचसा फरक तुमच्या बदलामुळेच पडला असं म्हणायला जागा आहे. 300 हा आकडा मोठा नाही, तेही लिहायचं.

तर तो परिच्छेद साधारण असा होईल. इंग्रजी तुझं तू कर, मी आशय देतो:

‘आमच्या फाउंड्रीत पावसाळ्यात पंप हाउसिंगमध्ये ब्लोहोल वाढत होते. मी दर दोन तासांनी वाळूचं मॉइश्चर नोंदवायला सुरुवात केली. नवी वाळू ओली असूनही पाण्याचं माप तेच राहत असल्याचं त्यातून दिसलं. प्रत्येक लोडआधी मॉइश्चर मोजून पाणी ठरवावं असं मी सुचवलं. मॅनेजरांनी ते मान्य केलं आणि सॅंड प्लांटच्या कामगारांनी ते अमलात आणलं. ऑगस्टमध्ये 8 टक्के असलेलं रिजेक्शन ऑक्टोबरमध्ये 4 टक्के झालं. यातला काही भाग पाऊस कमी झाल्यामुळे असू शकतो. सप्टेंबरमधल्या केवळ पावसाच्या दिवसांत ते 5 टक्के होतं, मात्र ती कास्टिंग 300च होती. वाळूची परमिएबिलिटी आम्ही नियमित मोजत नव्हतो, त्यामुळे वायू बाहेर पडण्यात नेमका किती फरक पडला हे मी सांगू शकत नाही. हे शिकण्यासाठी मला हा अभ्यासक्रम हवा आहे.’

यात स्वतःबद्दल एकही विशेषण नाही, बघ. ‘मी’ तीन ठिकाणी येतो: नोंदवणं तुझं, सुचवणं तुझं, आणि सांगू शकत नाही हेही तुझंच. साहेब आणि कामगार आपापल्या कामासकट आलेत, म्हणजे श्रेय वाटण्याची तुझी सवयही राखली गेली. ‘मार्गदर्शनाखाली’ म्हणण्यापेक्षा साहेबांनी मंजुरी दिली असं लिहिणं त्यांच्याही जास्त मानाचं आहे, कारण निर्णयाची जबाबदारी त्यांनी घेतली हे त्यातून कळतं. शेवटच्या दोन वाक्यांमुळे कोर्स का हवा, या प्रश्नाचं उत्तरही कामातूनच निघालं. लहानपणची ओढ लिहायची गरज उरली नाही.

पूर्ण पत्र एका पानात बसव. हा परिच्छेद मधोमध ठेवून आधी चार ओळी सध्या काय काम करतोस त्यावर, आणि नंतर त्या विद्यापीठातल्या कुठल्या विषयांशी आणि प्रयोगशाळेशी हा प्रश्न जुळतो त्यावर. आखेन आणि फ्रायबेर्ग या दोन्ही विद्यापीठांत स्वतंत्र फाउंड्री संस्था आहेत. तिथे अर्ज करणार असशील तर त्यांच्या संशोधनाची पानं वाचून हा भाग लिही, दोन्हीकडे सारखाच चिकटवू नकोस.

सीव्हीतल्या भाषांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्या भागातली मुलं इथे हटकून कमी लिहितात. तू लिहिलंस, ‘कन्नड: थोडंफार’. मराठी माध्यमात शिकलास तरी शाळेत कन्नड होतंच, आणि मोल्डिंगवरच्या निम्म्या माणसांशी तू रोज कन्नडमध्ये बोलतोस. खानापूरकडच्यांशी मराठी, उत्तरेकडून आलेल्यांशी हिंदी, रिपोर्ट इंग्रजीत. हे तुला घरच्या अंगणासारखं वाटतं म्हणून दिसत नाही. इकडे जर्मनीत सीव्हीत भाषांची पातळी ए1 ते सी2 अशी लिहितात. प्रत्येक पातळीला काय यायला हवं याची वर्णनं उपलब्ध आहेत, ती वाच आणि स्वतःला प्रामाणिकपणे बसव. बोलणं आणि लिहिणं यांची पातळी वेगळी असेल तर वेगळी लिही. शिवाय पत्रात एक ओळ घाल, की मॉइश्चरची नवी पद्धत तू शिफ्टमधल्या लोकांना तीन भाषांत समजावून दिलीस. तू ते केलंयस, तुझ्याच निरोपात आहे.

मार्कांबद्दल माफी मागू नकोस. तिसऱ्या सेमिस्टरचा बॅकलॉग मार्कशीटवर दिसतोच, जर्मनीसाठी कागदपत्रं पडताळणाऱ्या एपीएसच्या तपासणीतही ती जातात. पत्रातल्या त्याच्यावरच्या चार ओळी काढून टाक.

मुलाखत झाली तर ‘यात तुम्ही स्वतः काय केलं?’ हा प्रश्न येईलच. आपल्या जिभेवर पहिलं येतं, ‘सरांनी सांगितलं तसं केलं.’ तिथे क्रम बदल. पहिलं वाक्य तुझ्या कामाचं, दुसरं इतरांच्या. ‘मी नोंदी ठेवल्या आणि त्यावरून पाणी बदलायचं सुचवलं. मंजुरी मॅनेजरांची, रोजची अंमलबजावणी प्लांटवरच्या लोकांची.’ उलट क्रमाने बोललास तर समोरचा पहिल्या वाक्यावरच मत बनवतो. हे आरशासमोर पाठ करू नकोस, मित्राला फोनवर विचारायला लाव. दुसऱ्याला ऐकवताना अवघडलेपणा कुठे येतो ते कळतं, आणि तो वाक्यात नसलेल्या पुराव्यामुळे येतो की नुसत्या सवयीमुळे, हेही कळतं. पुराव्यामुळे असेल तर वाक्य बदल. सवयीमुळे असेल तर तसंच बोल.

शिफारसपत्राचं एक. सर म्हणतील, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ तुझ्यासारख्याला ही फार मोठी अडचण आहे, कारण आता स्वतःची स्तुती दुसऱ्याच्या तोंडून लिहायची. शिवाय दोन पत्रं एकाच हातची आहेत हे वाचणाऱ्याला कळतं. त्यांना पत्र नेऊ नकोस, एका कागदावर मुद्दे ने: कुठला विषय त्यांच्याकडे शिकलास, प्रोजेक्ट कोणता, त्यात तुझा भाग कुठला, मार्क किती. ‘सर, तुमच्या शब्दांत लिहिलंत तर बरं होईल, लागणारी माहिती यात आहे’ असं म्हण. कौतुक करायचं की नाही, किती करायचं, हे त्यांच्यावर सोड.

आणि पत्र पाठवण्याआधी तो वाळूचा परिच्छेद मॅनेजरसाहेबांना वाचायला दे. रिजेक्शनचे आकडे कंपनीचे आहेत, ते बाहेर लिहायला त्यांची परवानगी हवी. त्याच वेळी तुझ्या भागाबद्दल ते काय म्हणतात तेही समजेल. ‘हे सुचवलं तू नव्हे, अमक्याने’ असं म्हणाले तर तिथे दुरुस्ती कर. काहीच खोडलं नाही तर तुझी शंका मिटायला हरकत नाही. आकड्यांना नाही म्हणाले तर टक्के गाळून ‘पावसाच्या दिवसांतही साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी’ एवढं चालेल का ते विचार. गिऱ्हाईकाचं नाव मात्र कुठेच घालू नकोस.