गुंठा आणि आर एकच का? आणि पायली म्हणजे नक्की किती किलो?

प्रश्न: गावी एक एकर घ्यायचं चाललंय. सगळे गुंठ्यात बोलतात, सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर आहे. गुंठा म्हणजेच आर ना? आणि वाटेकरी धान्य पायलीत देतो म्हणतो, ते किलोत किती धरायचं?

उत्तर: नाही, एकच नाहीत. बोलताना सर्रास एक धरतात आणि तिथेच गफलत होते.

गुंठा आला जुन्या साखळीतून. साखळी ३३ फुटांची, तिचा चौरस म्हणजे गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. गुंठ्याचे १६ आणे, म्हणून एक आणा साधारण ६८ चौरस फूट. आर मात्र मीटरचा: १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०७६ चौरस फूट. एका गुंठ्यामागे फरक फक्त १३ फुटांचा, म्हणून कुणी लक्ष देत नाही.

आता तुमचा एकर घ्या. पूर्ण एकर असेल तर सातबाऱ्यावर ०.४०.४७ दिसायला हवं, म्हणजे ४० आर आणि ४७ चौरस मीटर. तिथे ०.४०.०० असेल तर जमीन सुमारे ५०४ चौरस फूट कमी आहे, जवळजवळ अर्धा गुंठा. भाव गुंठ्याला ३ लाख धरला, तर हा फरक एक लाख एकोणचाळीस हजारांच्या घरात जातो. माझ्या मावसभावाच्या व्यवहारात इसारपावतीवर '४० गुंठे' होतं आणि खरेदीखताच्या मसुद्यात '४० आर'. सहीच्या आदल्या रात्री ते लक्षात आलं, म्हणून निभावलं. तेव्हा भाव ठरवतानाच विचारा, गुंठ्याचा की आरचा, आणि इसारपावतीत क्षेत्र सातबाऱ्यावर आहे तसंच, हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये लिहून घ्या.

पायलीचं उत्तर किलोत देता येत नाही, कारण पायली हे वजन नाही, भरून मोजायचं माप आहे. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. त्याच पायलीत तांदूळ जास्त भरतो, टरफलासकट भात बराच हलका भरतो. शिवाय शीग लावून मोजलं की माप सपाट केलं, यावरही फरक पडतो. शीग म्हणजे काठावर उभा राहिलेला ढीग. दहा पायल्यांत तो सहज नजरेत भरतो.

'मण' शब्दाशी जास्त जपून राहा. सोळा पायल्यांचा मण मापाचा. वजनाचा जुना मण ४० शेरांचा, ८० तोळ्यांच्या शेराने सुमारे ३७.३ किलो, आणि आमच्याकडे बाजारात आता सरळ ४० किलोला मण म्हणतात. वाटेकऱ्याच्या तोंडचा मण यातला कोणता, हे पेरणीआधीच विचारा. त्याचीच पायली घ्या, ठरलेलं धान्य ठरलेल्या पद्धतीने भरा आणि दोघांसमोर काट्यावर तोला. तो आकडा कागदावर लिहून दोघांनी सही करा. भात वेगळं, ज्वारी वेगळी तोला, एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका.