दागिने गहाण ठेवून चांदी घ्यावी का?

«एप्रिल २०२५ मध्ये शंभरच्या वर गेलेला सोने-चांदीचा रेशो तेव्हापासून उतरला आहे. मी फी भरून एका टेलिग्राम ग्रुपवर शिकतो. तिथले सर म्हणतात, १९८० मध्ये रेशो १७ होता, २०११ मध्ये ३२; आताही तिशीत येणार. घरात १२ लाखांचे दागिने आहेत, बहुतेक पत्नीचे. त्यावर ९ लाखांचं सोनेतारण कर्ज काढून सिल्व्हर ईटीएफ घ्यायचा विचार आहे. मुलीची इंजिनिअरिंगची फी पुढच्या वर्षी भरायची आहे. चांदी आता घेऊ की रेशो थोडा वर येण्याची वाट पाहू?» — एक वाचक, सांगली

आता नको आणि नंतरही नको, निदान या पैशाने तरी नको.

रेशो म्हणजे तेवढ्याच वजनाच्या चांदीपेक्षा सोनं किती पट महाग आहे तो आकडा; तो उतरला की सोन्याच्या तुलनेत चांदी महाग होते. रेशोवर पैसे लावायचे म्हणजे सोनं विकून तेवढ्याच किमतीची चांदी घ्यायची. मग दोन्ही धातू एकदम पडले तरी चांदी सोन्याहून कमी पडली की तुमचा अंदाज बरोबर ठरतो. तुम्ही सोनं विकत नाही. ते तुमचंच राहतं आणि वर उधारीची चांदी येते. म्हणजे दोन्ही धातू वाढतील यावर तुम्ही कर्ज काढून पैसे लावत आहात. रेशोच्या चार्टमध्ये या प्रश्नाचं उत्तर नसतंच; एक आकडा दुसऱ्याने भागला की दोघं वर चालले आहेत की खाली, ही माहिती पुसली जाते.

हिशेब करून बघा. रेशो ५० धरू. सोनं २० टक्के पडलं, चांदी ३० टक्के पडली, तर रेशो ५७ होतो. ज्याने ९ लाखांचं सोनं विकून चांदी घेतली, त्याच्याकडे ६ लाख ३० हजार उरतात. सोनंच ठेवलं असतं तर ७ लाख २० हजार असते. अंदाज चुकण्याची किंमत ९० हजार. तुमचे दागिने मात्र ९ लाख ६० हजारांवर आलेले असतील आणि डोक्यावर ९ लाख मुद्दल असेल. ११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज लाखभर. आधी कर्ज देणारा फरक भरायला सांगेल, नाही भरला तर लिलावाची नोटीस. सगळी चांदी विकली तरी पावणेचार लाखांच्या आसपास देणं उरतं, आणि नेमकं त्याच वर्षी कॉलेज फी मागेल.

उलट सगळं तुमच्या मनासारखं झालं, सोनं जागेवर राहून रेशो ४० वर आला, तर चांदी २५ टक्के वाढते. सव्वादोन लाखांतून व्याज गेलं की सव्वा लाख, त्यावर कर वेगळा. एवढ्यासाठी पत्नीचे दागिने पणाला लावायचे? पत्रात त्यांचं मत कुठेच दिसलं नाही. आधी त्यांना विचारा.

आता त्या सरांच्या १७ आणि ३२ बद्दल. हे आकडे खरे आहेत, पण त्यानंतर काय झालं ते लपवून ते सांगणं मला संतापजनक वाटतं. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंनी प्रचंड चांदी साठवली होती म्हणून भाव औंसाला ५० डॉलरजवळ गेला. मार्चअखेर तो ११ च्याही खाली होता. २०११ चं उदाहरण तुमच्या अधिक जवळचं आहे. २००८ च्या अखेरीस ८० च्या आसपास असलेला रेशो उतरत एप्रिल २०११ मध्ये ३२ वर आला. उतरता ट्रेंड याहून स्पष्ट दिसत नाही. मे उजाडला आणि ४९ डॉलरची चांदी काही दिवसांत ३५ वर आली. २०१५ च्या अखेरीस ती १४ च्या आसपास होती. सोनंही पडलं, पण सुमारे ३० टक्के. चांदी ७० टक्के. चांदीचा बाजार लहान आहे, शिवाय तिला कारखान्यांची मागणी लागते, त्यामुळे मंदीत ती सोन्यापेक्षा जोरात पडते. म्हणून रेशो वर वळतो तेव्हा बहुधा दोन्ही धातू पडत असतात. तुमच्या रचनेत सगळ्यात जास्त मार बसतो तो नेमका तेव्हाच.

रेशो बघायचाच असेल तर स्वतः काढा. आपल्याकडे सोनं १० ग्रॅमला आणि चांदी किलोला बोलतात, म्हणून सोन्याच्या भावाला १०० ने गुणून चांदीच्या भावाने भागा. आठवड्याचे बंद भाव घ्या, ४० आठवड्यांची सरासरी काढा आणि शेजारी सोन्याचा व चांदीचा वेगवेगळा चार्ट ठेवा. रेशो सरासरीखाली आणि चांदी स्वतःच्या सरासरीवर असेल, तरच उतरत्या रेशोचा अर्थ चांदी वाढते आहे असा होतो. ही सरासरी वळण उशिरा दाखवते. मे २०११ च्या घसरणीत तिने तुम्हाला वेळेत बाहेर काढलं नसतं.

फीचे पैसे बँकेत मुदत ठेवीत टाका, मुदत फीच्या महिन्याआधी संपेल अशी. चांदी हवीच असेल तर दरमहा बचतीतून थोडी घ्या, एकूण गुंतवणुकीच्या ५ टक्क्यांपर्यंत. आणि त्या सरांकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. तो मिळाला नाही तर पुढची फी भरू नका.