ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारपर्यंत आंबते, त्यावर उपाय

अगं, ओलं खोबरं मुळातच लवकर आंबतं, त्यात वाटताना घातलेलं पाणी आणि मिक्सरची उष्णता भर घालतात. नारळ फोडल्यावर आधी तुकडा चाखून बघ, खवट लागला तर तो घेऊच नकोस. वाटीभर ओल्या खोबऱ्याला दोन मोठे चमचे पंढरपुरी डाळं, तीन हिरव्या मिरच्या (धुऊन अगदी कोरड्या पुसलेल्या) आणि मीठ. आधी डाळं कोरडंच फिरव, मग उकळून गार केलेलं फ्रीजमधलं पाणी चमच्या-चमच्यानं घालत थांबून थांबून वाट. भांडं कोमट लागलं की थांबायचंच. दही घालू नकोस, जेवताना लिंबू पिळ.

घट्ट गोळाच फ्रीजमध्ये ठेव, लागेल तेवढाच कोरड्या चमच्यानं काढून पातळ कर आणि फोडणी दे. बुडबुडे दिसले तर टाकून दे.