ऑइलचा लाल दिवा लागला, तर पुढचं गॅरेज किती लांब हे विचारू नका

प्रश्न : लाल दिवा म्हणजे थांबायचं आणि पिवळा म्हणजे चालवत राहायचं, एवढं लक्षात ठेवलं तर पुरे का? (यावल)

लालचं बरोबर आहे. स्थिर पिवळा दिवा असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जा. लुकलुकत असेल तर शेवटचं उत्तर वाचा.

प्रश्न : पारोळ्याजवळ तेलाच्या बुधलीसारखा लाल दिवा लागला. लिटरभर ऑइल टाकलं तरी विझला नाही. ओळखीचे म्हणतात, सेन्सर खराब असेल, धुळ्यापर्यंत हळू आणा. आणू का? (पारोळा)

नाही. गाडी आहे तिथेच ठेवा, इंजिन सुरूही करू नका आणि टोइंगच्या गाडीवर चढवून धुळ्याला न्या.

हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब सांगतो. बहुतेक गाड्यांत तो दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून खाली गेल्यावरच लागतो. गरम इंजिन नुसतं उभं असतानाही दाब साधारण एक बारच्या वर असायला हवा. म्हणजे दिवा दिसतो तेव्हा क्रँकशाफ्ट आणि बेरिंग यांच्यामधला ऑइलचा थर जवळपास गेलेला असतो. धातूवर धातू घासू लागला की काही मिनिटांत बेरिंग जातं. मग खालून ठकठक येते आणि शेवटी इंजिन सीझ होतं. हळू चालवल्याने काही वाचत नाही, कारण वेग कमी झाला की पंपही हळू फिरतो. पस्तीसेक किलोमीटरचा रस्ता तर फारच लांब झाला.

तुम्ही लिटरभर टाकूनही दिवा राहिला, यातून बरंच कळतं. सपाट जागी इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल, तर ऑइल आहे पण ते वर पोचत नाही. पंप झिजला असेल, सम्पमधली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यातली, जाळी गाळाने भरली असेल किंवा बेरिंग आधीच सैल झालं असेल. पातळी अजूनही खालीच असेल तर ऑइल कुठे जातंय ते गाडीखाली वाकून बघा. शेतरस्त्यावर दगड लागून सम्प फुटल्याची गाडी आमच्याकडे नेहमी येते.

राहिला सेन्सर. तो खराब असू शकतो, पण हे फोनवरून ठरत नाही. मेकॅनिकने सेन्सर काढून त्या जागी दाबाचा गेज लावावा आणि इंजिन अगदी थोडा वेळ चालवून आकडा बघावा. गेज न लावता सेन्सर बदलून ‘झालं काम’ म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. ‘घट्ट ऑइल’ किंवा बाटलीतलं औषध विकणारेही भेटतील. त्याने दिवा चार दिवस विझेल आणि झीज चालूच राहील.

जुनी गाडी घेताना एवढं कराच : चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर तो कुणीतरी बंद केला असण्याची शक्यता आहे. सौदा करण्याआधी गेज लावून घ्या.

प्रश्न : मे महिन्यात कन्नड घाट चढताना तापमानाचा लाल दिवा लागला. लगेच झाकण उघडून पाणी ओतलं तर? (चाळीसगाव)

उकळतं पाणी तोंडावर उडेल. एसी बंद करा, पहिल्या सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. रेडिएटरची वरची नळी हाताला गार लागेपर्यंत, म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास, झाकणाला हात लावू नका. गरम इंजिनात गार पाणी गेलं तर हेड वाकू किंवा तडकू शकतं. पाणी भरल्यावर दिवा परत लागला तर पुढे चढू नका, गाडी ओढून न्या. नुसतं पाणी टाकलं असेल तर गॅरेजमध्ये कूलंट भरून गळती तपासून घ्या.

प्रश्न : इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा पंधरा दिवसांपासून आहे. एक जण स्कॅनर लावून घालवून देतो म्हणतो. घालवू का? (अमळनेर)

आधी कोड वाचून लिहून घ्या. पुसला की दिव्याबरोबर बिघाड कधी, किती वेगाला झाला याची नोंदही बहुधा जाते आणि पुढच्या मेकॅनिकला अंदाजाने काम करावं लागतं. गाडीची ताकद नेहमीसारखी असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा. पंधरा दिवस फार झाले.

पेट्रोल गाडीत तोच दिवा लुकलुकत असेल आणि गाडी थरथरत असेल, तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो लाल होईपर्यंत तापतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, वाळलेलं गवत नसलेल्या जागी थांबा आणि गॅरेजला फोन करा.