बडोदा–मुंबई: रेल्वेगाडी की विमान, पहिला हिशेब असा मांडा

वेगाची तुलना नंतर. आधी प्रवासाबाहेर जाणारा वेळ कागदावर लिहा.

दांडिया बाजारातून गिरगावला जायचंय असं धरा. विमानाचं: हरणी विमानतळापर्यंत अर्धा तास, उड्डाणाआधी दीड तास, धावपट्टी आणि चढउतार अर्धा तास, बॅगेला अर्धा, मग गिरगाव दीड तास. झाले साडेचार. गाडीचं सगळं मिळून एक तास. फरक साडेतीन तास.

आता गाडीचा सरासरी वेग. नवखे इथेच कमाल वेग धरतात आणि उत्तर फसतं. वंदे भारत 392 किमीला सुमारे चार तास घेते, म्हणून ताशी 100 धरा. विमानाला ताशी 700 द्या. 700 किमीत गाडी सहा तास मागे पडते, म्हणजे एका तासाच्या फरकात साधारण 117 किमी भरून निघतात. साडेतीन तासांचे 408 किमी. आपलं अंतर त्याहून कमी, 392, म्हणून गाडी जेमतेम जिंकली.

दुसरी चूक म्हणजे हा आकडा कायमचा मानणं. अंधेरीला जायचं असेल तर विमानतळ जवळच. फरक अडीच तासांवर येतो, आकडा 292 वर, आणि विमान पुढे जातं. म्हणून दारापासून दारापर्यंतच मोजा. तिकिटाचे पैसे सध्या यात आणू नका.