दुकानं, ऑफिसं आणि घरं एकाच इमारतीत: आराखडा वरून खाली

प्रश्न: तळमजल्यावर दुकानं, त्यावर दोन मजले ऑफिसं, वर चार मजले घरं आणि खाली बेसमेंट पार्किंग. तिघांचे प्रवेश वेगळे हवेत. आराखड्याची सुरुवात कुठून करू?

घरांपासून. घरांचा मजला आधी कच्चा बसवा आणि तिथून खाली काय काय उतरतं ते पाहा. दुकानांची दर्शनी बाजू आधी ठरवली, की घरांचा जिना आणि पाइप उरलेल्या जागेत कोंबावे लागतात.

सगळ्यात जास्त त्रास सांडपाण्याच्या लाइनी देतात. त्या सरळ खाली सोडल्या तर ऑफिसच्या मधोमध आणि दुकानांच्या छतातून जातात. मग गळती घराची, पण दुरुस्तीसाठी दुकान उघडून घ्यावं लागतं. म्हणून घरांच्या पहिल्या मजल्याच्या स्लॅबखाली लाइनी आडव्या वळवा आणि जिन्याजवळच्या एका डक्टमध्ये आणा. डक्टचं दार सामायिक पॅसेजमध्येच उघडू द्या.

या वळणाला उंची लागते. सर्वात लांबची लाइन 12 मीटर आडवी जाते आणि उतार 60 ला 1 आहे असं धरा. नुसत्या उतारात 20 सेंटिमीटर जातात. त्यात 11 सेंटिमीटरचा पाइप, जोड आणि आधार मिळवले की साधारण 45 होतात. ऑफिसच्या वरच्या मजल्याची उंची तेवढी वाढवा, नाहीतर एसीचे डक्ट आणि या लाइनी एकाच जागेसाठी भांडतील.

घरांच्या पहिल्या मजल्यावरचे संडास मात्र या लाइनींना जोडू नका, त्यांची लाइन वेगळी खाली न्या. वरून जोरात आलेलं पाणी वळणावर अडतं, तिथे हवेचा दाब वाढतो आणि जवळच्या कमोडमध्ये बुडबुडे येतात, कधी पाणीच उसळतं.

एखाद्या दुकानात उद्या खानावळ येऊ शकते. तिच्या धुराड्यासाठी गच्चीपर्यंतचा शाफ्ट आजच ठेवा. नंतर तो घरांच्या खिडक्यांसमोरून न्यावा लागतो.

घरांची लिफ्ट ऑफिसच्या मजल्यांवर उघडू देऊ नका. आगीच्या वेळचा जिना वरून येऊन थेट बेसमेंटमध्ये जाऊ नये. तळमजल्यावर तो तोडून बाहेर काढा, म्हणजे खालचा धूर वर चढत नाही आणि घाईत कुणी बेसमेंटमध्ये उतरत नाही.

पार्किंगमध्ये घरांच्या जागा राखीवच ठेवा. वाटून वापरायच्या त्या फक्त ऑफिस आणि दुकानांच्या. समजा, दुपारी ऑफिसच्या 20 आणि दुकानांच्या 6 गाड्या असतात, तर संध्याकाळी 5 आणि 12. दोघांचे कमाल आकडे मिळवले तर 32 होतात, प्रत्यक्षात 26 पुरतात. तुमच्याकडचे नियम ही सूट देतात का, ते आधी तपासा. दोन कॉलमच्या मधे 7.5 मीटर मोकळे मिळाले की 2.5 मीटर रुंदीच्या तीन जागा बसतात. 60 सेंटिमीटरचे कॉलम धरले तर केंद्रापासून केंद्रापर्यंत 8.1 मीटर होतात. घरांच्या खोल्या याच मापात बसतात का, ते पहिल्याच कच्च्या आराखड्यात पाहा.